मरून साडी घरी जाऊन लाल होते: गांधीबागेतल्या एका दुकानाच्या लाइटच्या नोंदी

२ एप्रिल

सकाळी नागपूरच्या गांधीबागेतून फोन. साड्यांचं जुनं दुकान आहे, सध्याच्या मालकांच्या वडिलांनी सुरू केलेलं. सगळे त्यांना काकाजी म्हणतात, मीही तेच म्हणतो. "भाऊ, एकदा येऊन लाइट पाहून जा. मले लई कटकट होऊन राहिली."

कटकट अशी की महिन्याभरात तीन साड्या परत आल्या. फाटलेली नाही, डाग नाही, रंग गेलेला नाही. तिघींचंही म्हणणं एकच, दुकानात मरून दाखवली आणि घरी नेल्यावर लाल निघाली. तिसरी बाई तर चिडूनच आली होती. सासूबाईंच्या पंचाहत्तरीला द्यायला म्हणून तिने मुद्दाम गडद, शांत रंग घेतला होता. अंगणात घडी मोडली तर डाळिंबी, झगझगीत. काकाजींचा दावा आहे की साडी तीच होती, त्यांनी स्वतः पिशवीत घातली. काउंटरवरचा पुतण्या म्हणतो, बाईच बदलून घेऊन आली असेल. मी म्हटलं, आधी साडी दाखवा.

दुकान चौदा फूट रुंद, चाळीस फूट खोल. खिडकी एकही नाही. बाहेरचा उजेड पहिल्या सात-आठ फुटांत संपतो, त्यानंतर सगळा कारभार दिव्यांवर. पीओपीच्या फॉल्स सीलिंगमध्ये १८ वॅटचे चोवीस गोल पॅनल, सगळे ६५०० केल्विन, म्हणजे बाजारात ज्याला 'कूल व्हाइट' म्हणतात तो. तीन वर्षांपूर्वी रिनोव्हेशनमध्ये बसवलेले. खाली पांढरी गादी, त्यावर साड्यांचे ढीग. उजेड भरपूर आहे. पाहताक्षणी कोणी म्हणणार नाही की इथे लाइटचा काही प्रॉब्लेम असेल.

परत आलेली साडी गादीवर पसरली. मलाही ती मरूनच दिसली, थोडी आमसुलाकडे झुकलेली. मग तिचा पदर धरून दारापर्यंत चालत गेलो. आठ-दहा पावलांत रंग वर आला, निखाऱ्यावर फुंकर मारल्यासारखा. पुतण्या गप्प झाला. बाई खरं बोलत होती.

४ एप्रिल

हातात धरायचा स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे उजेडात कोणता रंग किती आहे ते मोजणारा मीटर, घेऊन गेलो. माझा स्वतःचा नाही, एका मित्राच्या लॅबमधून दोन आठवड्यांसाठी मागून आणलाय. गादीवर ठेवला, बटन दाबलं, दोन सेकंदांत आकडे आले.

पॅनलच्या जुन्या खोक्यावर सीआरआय, म्हणजे दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचा आकडा, ८० पेक्षा जास्त असं छापलंय. मीटरनं ८३ दाखवलं. म्हणजे कंपनी खोटं बोललेली नाही. काकाजी म्हणाले, "त्र्याऐंशी तं फर्स्ट क्लास झाला ना!" इथेच घोळ आहे. हा आकडा परीक्षेच्या मार्कांसारखा दिसतो म्हणून माणूस फसतो. तो निघतो कसा ते इथे लिहून ठेवतो, कारण हे मला दर कामाला कुणाला तरी समजावावं लागतं.

रंगांचे ठरावीक नमुने घ्यायचे. प्रत्येक नमुना आपल्या दिव्याखाली कसा दिसेल आणि त्याच रंगतापमानाच्या आदर्श उजेडाखाली कसा दिसेल, हे दोन्ही गणितानं काढायचं. दोन्हींतला फरक म्हणजे ΔE. मग प्रत्येक नमुन्याचा गुण:

```
Ri = 100 − 4.6 × ΔE
```

फरक शून्य तर शंभर गुण. पहिल्या आठ नमुन्यांच्या गुणांची सरासरी म्हणजे Ra, आणि खोक्यावर सीआरआय म्हणून छापतात तो हाच. ही पद्धत सीआयई या आंतरराष्ट्रीय संस्थेची, १९६५ मधली. पुढे सुधारणा झाल्या, पण आठ नमुन्यांची सरासरी तशीच राहिली.

आता हे आठ नमुने कोणते? करडट गुलाबी, मळकट पिवळा, पोपटी, फिकट निळसर हिरवा, फिकट जांभळा, अशा जातीचे. सगळे मध्यम, बेताचे रंग. भिंतीला लावायला ठीक. त्यांत पैठणीचा लाल नाही, शालूचा नाही, कुंकवाचा नाही. भडक लाल हा नववा नमुना, R9. तो मोजतात, पण सरासरीत धरत नाहीत. आजचं मीटरवरचं वाचन:

```
R1 81   R2 88   R3 92   R4 82
R5 82   R6 83   R7 88   R8 65
Ra 83
R9 8
```

आठांची बेरीज ६६१, भागिले आठ, ८३. सगळं नियमानुसार. आणि खाली लालाला शंभरपैकी आठ. सूत्र उलटं फिरवलं तर लालाचा ΔE येतो वीस. पहिल्या नमुन्याचा, त्या करडट गुलाबीचा, चार. म्हणजे ज्या फरकाकडे डोळा काणाडोळा करेल त्याच्या पाचपट फरक साड्यांच्या दुकानातल्या सगळ्यात महत्त्वाच्या रंगात पडतोय, आणि खोक्यावरच्या आकड्यात त्याचा मागमूस नाही. R9 सरासरीत धरला असता तर हाच दिवा ७४ वर आला असता.

R8 सुद्धा पाहण्यासारखा आहे. तो लालसर जांभळा, म्हणून तोही ६५ वर घसरलाय. आठांतल्या ज्याच्यात लालाचा अंश जास्त, तोच मागे पडला.

काकाजींनी वाचन पाहून विचारलं, "आठ? शंभरातून?" म्हटलं, हो, आणि काही दिव्यांत तर हा उणे सुद्धा येतो. सूत्रातच तशी मुभा आहे, फरक बावीसच्या आसपास पोचला की गुण शून्याखाली.

५ एप्रिल

आज कारण दाखवलं. तोंडी सांगून पटत नाही, म्हणून पुतण्याच्या मोटारसायकलच्या डिकीतून जुनी गाण्यांची सीडी काढली. बुटांच्या खोक्याला ब्लेडनं बारीक चीर पाडली, समोर तिरकी सीडी, वरून डोकवायला भोक. चीर दिव्याकडे धरली की सीडीवर रंगांचा पट्टा दिसतो.

आधी साधा तारेचा पिवळा बल्ब लावला, देवघरातला. पट्टा जांभळ्यापासून गडद लालापर्यंत अखंड, लालाची बाजू तर लांबच लांब. मग खोका पॅनलकडे वळवला. एक ठसठशीत निळी रेघ, मग किंचित खळगा, मग हिरवा-पिवळा भरघोस, नारिंगी, आणि लाल सुरू होतो न होतो तोच विझत जातो. काकाजींनी तीनदा डोकावलं. "लाल कुठं गेला?"

लाल त्या दिव्यात मुळात फारसा घातलेलाच नसतो. पांढरा एलईडी म्हणजे आत निळा चिप, साधारण ४५० नॅनोमीटरचा, आणि त्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप. थोडा निळा तसाच बाहेर येतो, बाकीचा फॉस्फर खातो आणि पिवळसर उजेड करून परत देतो. निळा आणि पिवळा मिळून डोळ्याला पांढरा वाटतो. कागद पांढरा दिसतो, गादी पांढरी दिसते. पण ६२० च्या पुढचा गडद लाल त्यात जेमतेम. लाल साडी स्वतः उजेड तयार करत नाही, तिच्यावर पडलेल्यातला लाल तेवढा परत फेकते. पडलाच नाही तर फेकणार काय? मग थोडा नारिंगी, थोडा निळा परत येतो, एकूण उजळपणा कमी होतो, आणि डाळिंबी रंग मरून किंवा तपकिरी म्हणून समोर उभा राहतो.

कंपन्या लाल का टाळतात, हेही सरळ आहे. आपल्या डोळ्याला सगळ्यात जास्त उजेड हिरवट पिवळ्यात, ५५५ नॅनोमीटरला जाणवतो. ६५० ला तेवढ्याच ऊर्जेचा जेमतेम दहावा हिस्सा जाणवतो. लाल फॉस्फर घातला की वीज तेवढीच जाते पण ल्युमेन, म्हणजे डोळ्याला जाणवणारा उजेड, घटतो. खोक्यावर ठळक काय छापतात? ल्युमेन. गिऱ्हाईक काय विचारतं? किती वॅट. लाल कोणी विचारत नाही.

८ एप्रिल

आज एक अशी गोष्ट सापडली जी मला पहिल्याच दिवशी दिसायला हवी होती.

साडीच्या दुकानात जुनी रीत आहे, शंका आली की "दारात उजेडात नेऊन पाहा". काकाजी याच रीतीवर विसंबून आहेत आणि रीत उत्तम आहे. पण एप्रिल लागला. ऊन चढलं की गल्लीत उभं राहवत नाही, म्हणून दुकानासमोर हिरवी नेट बांधली. २ तारखेला ती गुंडाळलेली होती, आज सोडलेली. त्याच साडीचा पदर घेऊन दारात गेलो तर त्या दिवशीसारखी फुंकर बसली नाही. रंग थोडा उघडला, पण मंद.

मीटर नेटखाली धरला. आलेखात हिरव्याचा उंचवटा स्पष्ट. नेट वर करायला लावली, तिथेच मीटर, उंचवटा गेला. जाळीच्या भोकांतून खरा उजेड येतो, पण धाग्यांतून गाळून आणि धाग्यांवर आपटून जो येतो तो हिरवा असतो. दोन्ही मिसळून खाली पडतो. डोळा मिनिटभरात त्याला सरावतो म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. लाल मात्र दबतो.

म्हणजे नागपूरच्या लग्नसराईत, जेव्हा सगळ्यात जास्त लाल विकला जातो, तेव्हाच दारातली परीक्षासुद्धा नापास. आत दिवा लाल खातो, बाहेर नेट.

उपाय फुकटचा. दाराच्या एका बाजूची चार फूट नेट मोकळी सोडायची, साडी तिथेच दाखवायची. थेट उन्हात नको, तिथे डोळे दिपतात आणि काहीच नीट कळत नाही. उघड्या आभाळाची सावली हवी. काकाजींनी लगेच पोराला सुतळी सोडायला लावली.

१० एप्रिल

नवीन दिव्यांची चाचणी. तीन ठिकाणांहून तीन नमुने आणले, तिघांच्याही खोक्यावर सीआरआय ९० च्या वर, सगळे ४००० केल्विन.

पहिला: Ra 91, R9 52.
दुसरा: Ra 93, R9 64.
तिसरा: Ra 83, R9 9.

तिसऱ्याचं वाचन चारदा घेतलं. दिवा तापू दिला, वीस मिनिटांनी परत घेतलं. तेच. हा सरळ ८० चा माल ९० च्या खोक्यात भरलाय. नाव लिहीत नाही. ज्यांच्याकडून घेतला त्यांना फोन केला, तर उत्तर मिळालं, "अहो, ते कोण पाहते?" परत केला, पैसे अजून यायचेत.

मीटर नसता तर हे कळलं असतं का? कळलं असतं. तिन्ही दिवे शेजारी लावून मधे पुठ्ठ्याचे आडोसे केले आणि प्रत्येकाखाली एकाच लाल ब्लाउजपीसचा तुकडा ठेवला. तिसऱ्याखालचा तुकडा वेगळाच दिसत होता, वाळलेल्या रक्तासारखा. पहिल्या आणि दुसऱ्यातला फरक मात्र डोळ्याला सांगता आला नाही, आणि सांगता येईल अशी माझी अपेक्षाही नव्हती. कापडाचा तुकडा गडद आणि चटक लाल हवा. गुलाबी घेऊन ही परीक्षा केली तर तिन्ही पास होतील, त्याच कारणानं ज्या कारणानं Ra फसवतो.

दुसरा ठरला. त्याच्या आठांची बेरीज ७४६, लालाचा ΔE आठच्या आत. वीसवरून आठ.

मग केल्विनवर अर्धा तास वाद. पुतण्याला ६५०० च हवा, "दुधासारखा पांढरा, शोरूमसारखा". काकाजींना ३०००, कारण त्यात साडीची जर उठून दिसते. काकाजी म्हणाले, "बाबांच्या वेळी शंभरचे बल्ब होते. काय लाल दिसायचा! तुमचा सीआरआय त्यावेळी किती असन?"

शंभर. अगदी शंभर, कारण ५००० केल्विनच्या खाली तुलनेचा आदर्श उजेडच मुळी तापून प्रकाशणाऱ्या वस्तूचा धरलाय आणि बल्बची तार म्हणजे जवळपास तीच. (५००० पासून वर आदर्श म्हणून दिवसाचा उजेड धरतात.) पण मी विचारलं, बाबांना बल्बखाली नेव्ही ब्लू आणि काळा ओळखता यायचा का? काकाजी हसले. नाही यायचा. नेव्हीच्या नऊवारीवर काळा ब्लाउज बांधून दिल्याचा किस्सा घरात अजून सांगतात. बल्बमध्ये निळा इतका कमी की गडद निळा काळाच दिसतो, आणि तरी गुण शंभर, कारण ज्याच्याशी तुलना केली त्यातही निळा तेवढाच कमी. म्हणून ३००० चा ९३ आणि ६५०० चा ९३ हे एकाच फुटपट्टीवरचे आकडे नाहीत. आधी केल्विन ठरवायचा, मग त्या केल्विनमध्ये Ra आणि R9 पाहायचे.

४००० वर तडजोड झाली. त्यात लाल आणि नेव्ही दोन्ही आपापल्या जागी राहतात.

१४ एप्रिल

काम बंद. माझा हेल्पर दीक्षाभूमीवर, मी घरी. पॅनलची ऑर्डर गेली.

१६ एप्रिल

रात्री नऊला शटर अर्धं ओढून काम सुरू, दीडला संपलं. कटआउट तेच होते म्हणून पीओपीला हात लावावा लागला नाही. चोवीस काढले, चोवीस बसवले. प्रत्येक खोक्यातला दिवा उघडून मीटरला दाखवला, १० तारखेनंतर माझा विश्वास उडालाय. सगळे R9 साठच्या वर.

सकाळी फोन. "भाऊ, अंधारून आल्यावानी वाटून राहिलं."

गेलो, लक्समीटर लावला. गादीवर आधी सरासरी ६१० लक्स होते, आता ५२०. वॅट तेच, १८. लाल फॉस्फरनं आपली किंमत वसूल केली. ५ तारखेला मीच हे काकाजींना समजावलं होतं आणि ऑर्डर देताना हिशोबात धरलं नाही, शहाणपण लोकांना सांगण्यापुरतंच. त्यात थंड पांढऱ्यावरून ४००० वर आलो की पहिले दोन दिवस डोळ्याला पिवळट आणि मंद वाटतंच. तो भाग सरावानं जातो, पण नव्वद लक्स सरावानं परत येत नाहीत.

गादीच्या वर चार ट्रॅकलाइट वाढवले, त्याच Ra आणि R9 चे, त्याच ४००० चे. वेगळ्या जातीचा दिवा मिसळला असता तर केलेलं सगळं पाण्यात. आता गादीवर ६५०. मागच्या कपाटांशी ५०० च्या खाली आहे, तिथे कोणी रंग निवडत नाही, राहू दे.

१८ एप्रिल

मॅचिंगचं काउंटर. ही तक्रार काकाजींनी आधी सांगितलीच नव्हती, कारण त्यांच्या मते ती गिऱ्हाइकाची चूक.

करवतकाठी टसर, विदर्भातलीच, काठ गडद लाल. ताईंनी काठाला मॅचिंग सुती ब्लाउजपीस निवडला. जुन्या लाइटमध्ये दोन्ही अगदी एक दिसत होते, पुतण्यानं स्वतः काठावर ठेवून दाखवला होता. घरी ब्लाउज विटकरी आणि काठ लाल. आज तोच जोड नव्या दिव्याखाली ठेवला. फरक लगेच दिसला, पुतण्यालाही.

सुताचा रंग वेगळ्या रसायनाचा, रेशमाचा वेगळा. दोघे लाल दिसतात, पण कोणत्या लांबीच्या लहरी किती परत फेकायच्या याचा प्रत्येकाचा हिशोब निराळा. रेशमाचा काठ ६४० च्या पुढे भरभरून फेकत असेल आणि सुती तुकडा ६०० च्या आसपासच अडकलेला असेल, तर ज्या दिव्यात ६४० जवळजवळ नाहीच, त्यात काठाचा हा वरचढपणा दिसणार कसा? दोघे सारखे दिसतात. दिवसाच्या उजेडात ६४० आला की काठ पुढे निघून जातो. रंगारी लोक याला मेटॅमेरिझम म्हणतात, आणि म्हणूनच गिरण्यांत रंग पास करायला निरनिराळे दिवे बसवलेली पेटी असते.

नव्या दिव्यानं हा जोड पकडला, पण सगळे पकडेल असं मी काकाजींना सांगितलं नाही. R9 एकाच लाल नमुन्याचा गुण आहे, तुमच्या काठाचा नाही. शिवाय गुण फक्त फरक किती हे सांगतो. रंग कोणत्या बाजूला सरकला, फिका झाला की भडक, हे त्यात नसतं. अमेरिकेतल्या आयईएस या प्रकाशतज्ज्ञांच्या संस्थेनं २०१५ मध्ये टीएम-३० ही नवी पद्धत आणली, त्यात नव्याण्णव नमुने आहेत आणि रंग कुठे सरकला त्याचं चित्रही येतं. आपल्या बाजारातल्या खोक्यावर ते मला अजून दिसलेलं नाही.

मॅचिंगसाठी एक साधी सोय केली. काउंटरच्या टोकाला एक ६५०० चा चांगला दिवा आणि एक साधा पिवळा बल्ब, दोन वेगळी बटनं. जोड दोन्हींखाली आणि नव्या लाइटखाली पाहायचा. तिन्हींत जुळला तर बांधून द्यायचा. एकात फुटला तर बाईंना सांगायचं, सभागृहात दिसेल तसा अंगणात दिसणार नाही, चालेल का? लग्नाच्या हॉलमध्ये पिवळे झुंबर असतात, फोटो दुपारी बागेत काढतात, त्यामुळे हा प्रश्न फालतू नाही. आजच एका काकूंनी "चालते, रात्रीचं रिसेप्शन आहे" म्हणून फुटलेला जोडही घेतला. माहीत असून घेतला, परत येणार नाही.

२२ एप्रिल

मीटर परत द्यायचाय, म्हणून शेवटची फेरी.

जरीबद्दल काकाजी नाराज आहेत. बल्बच्या तुलनेत तिला तेज कमी. सीआरआयचे नमुने सगळे मॅट, चकाकी नसलेले, त्यामुळे जरीविषयी तो आकडा काहीच बोलत नाही. जरीला हवा असतो लहान, टोकदार दिवा, ज्याचं प्रतिबिंब धाग्याधाग्यात तुटून चमकेल. पॅनल म्हणजे पसरट उजेड. चार ट्रॅकलाइटांतला एक गादीवर तिरका केला, जर जागी झाली. यात रंगाचा काही संबंध नव्हता.

पांढऱ्या धोतरांचा कप्पा थोडा पिवळट वाटतो असं पुतण्या म्हणाला. खरंय. त्या कापडात घातलेलं व्हाइटनर अतिनील आणि जांभळ्या उजेडावर उजळतं, आणि ४५० च्या चिपमध्ये ते नसल्यात जमा. जुन्या पॅनलमध्येही नव्हतं, पण तिथे निळा जास्त असल्यानं कापड निळसर पांढरं दिसायचं. यासाठी जांभळ्या चिपचे दिवे मिळतात, महाग आहेत, आणि धोतरं दुकानाच्या एका कोपऱ्यात. सोडून दिलं.

निघताना काकाजी म्हणाले, जुने चोवीस पॅनल फेकायचे कशाला, चालू आहेत, माडीवरच्या गोडाऊनमध्ये लावून टाकतो. मी हो म्हणून जिना उतरलो आणि अर्ध्यातून परत चढलो. गोडाऊनमध्ये सुरतेचा माल उघडतात, आणि तिथेच मुलं रंगांची छाटणी करून गठ्ठ्यावर चिठ्ठी लावतात. 'मरून' ही चिठ्ठी तिथे लागते. खाली कितीही चांगला दिवा असला तरी साडी मरूनच्या कप्प्यातून निघेल आणि पुतण्या चिठ्ठी वाचून बोलेल.

छाटणीच्या टेबलावर नवीन जातीचे दोन लावायचे ठरले. बाकी जुने जिन्यात, संडासात आणि बाहेर पायरीवर. मरूनचे सहा गठ्ठे मुलांनी संध्याकाळी खाली आणून पुन्हा उघडले. दोनांत डाळिंबी निघाला.